शिल्लक ९२ हजार, पण मोकळे किती?

मार्च संपला की छोट्या धर्मादाय संस्थांचे खजिनदार पावतीपुस्तकं आणि व्हाउचरची फाइल घेऊन बसतात. नाशिक शहरात काम करणाऱ्या आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर पाण्याची टाकी, वह्या-दप्तरं, आरोग्य शिबिर अशी मदत पोचवणाऱ्या संस्थांमध्ये हे काम बहुतेकदा एखादे निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी विनामोबदला करतात. बेरजा बरोबर येतात, तरी सभेत एका प्रश्नावर गाडी अडते : उरलेल्या पैशांतले नेमके किती वापरायला मोकळे आहेत?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत न्यासाने हिशोब ठेवून दरवर्षी ३१ मार्चला, किंवा धर्मादाय आयुक्तांनी ठरवून दिलेल्या दिवशी, ते बंद करायचे असतात. लेखापरीक्षक त्यावरून ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे अनुसूची आठ आणि नऊमध्ये करतात. जमा-खर्च पत्रक हा त्याच्या आधीचा टप्पा. वर्षभरात पैसा कुठून आला, कुठे गेला आणि किती उरला, एवढंच ते सांगतं. ते नीट असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

समजायला एक नमुना घेऊ. हा न्यास काल्पनिक आहे. वर्ष २०२४-२५. १ एप्रिल २०२४ रोजी रोख आणि बँक मिळून ५०,००० रुपये होते. त्यातले ३०,००० पाण्याच्या टाकीसाठी आदल्या वर्षी आलेले, २०,००० सर्वसाधारण.

गैरसमज १ : पावतीपुस्तकांची बेरीज म्हणजे वर्षाची जमा.

वस्तुस्थिती : १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात गल्ल्यात किंवा बँकेत प्रत्यक्ष आलेला पैसा म्हणजे जमा. पावतीपुस्तकात काही नोंदी जास्त असतात, काही कमी. कुणी शंभर वह्या दिल्या आणि त्यांची किंमत लिहून पावती फाडली, तर ती रक्कम बेरजेत धरायची नाही. वस्तूंची नोंद साठा रजिस्टरमध्ये जाते. धनादेश न वटता परत आला, तर त्याची पावती असूनही पैसा आलेला नसतो. उलट बँकेचं व्याज आणि यूपीआयने थेट खात्यात पडलेल्या देणग्या पावतीपुस्तकात नसूनही जमाच असतात.

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. त्या दिवशी कुणी यूपीआयने ५०१ रुपये पाठवले आणि खजिनदारांनी पावती ४ एप्रिलला लिहिली, तरी ती देणगी २०२४-२५ चीच. पावतीवर तारीख ४ एप्रिलची पडली, तरी रक्कम मिळाल्याची तारीख त्यावर वेगळी लिहावी.

म्हणून पहिलं काम बेरजेचं नाही, यादीचं. प्रत्येक पुस्तकातली प्रत्येक पावती क्रमाने उतरवायची : पावती क्रमांक, पैसे आल्याची तारीख, रोख, धनादेश की यूपीआय, कशासाठी, किती. रद्द पावतीचा क्रमांकही यादीत येतो, पुढे ‘रद्द’ असं लिहून, आणि तिची मूळ प्रत व स्थळप्रत दोन्ही पुस्तकात राहतात. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर लेखापरीक्षकांचा पहिला प्रश्न त्यावरच येतो. ‘कशासाठी’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण अखर्चित निधीचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा राहतो.

नमुना न्यासाची यादी अशी आली : सर्वसाधारण देणग्या १,१०,०००, टाकीसाठी ९०,०००, शालेय साहित्यासाठी ६०,०००, बँक व्याज २,४००. वर्षाची जमा २,६२,४००. आरंभीच्या शिलकेसह ३,१२,४००.

गैरसमज २ : बिल फाइलला लागलं की खर्च झाला.

वस्तुस्थिती : या पत्रकात पैसे दिल्याची तारीख चालते, बिलाची नाही. आपल्या उदाहरणात टाकीची नळजोडणी मार्चमध्ये झाली, प्लंबरचं १२,००० चं बिलही मार्चचं आहे, पण पैसे एप्रिलमध्ये द्यायचे ठरलं. ही रक्कम खर्चाच्या बाजूला येणार नाही. मात्र ती विसरायचीही नाही. पत्रकाखाली ‘देणे बाकी’ म्हणून लिहायची.

उचलीचंही तसंच. शिबिरासाठी कार्यकर्त्याने १०,००० रुपये उचलले, ८,७०० ची बिलं आणली आणि १,३०० परत केले, तर शिबिराचा खर्च ८,७०० आहे. सुरुवातीला लिहिलेलं १०,००० चं व्हाउचरच खर्च म्हणून धरलं, तर खर्च फुगतो आणि परत आलेले १,३०० देणगीसारखे जमेत घुसतात. तिसरी चूक बँकेतून काढलेल्या रोख रकमेची. पैसे खात्यातून गल्ल्यात आले म्हणजे जागा बदलली. ती जमाही नाही आणि खर्चही नाही.

प्रत्येक व्हाउचरवर क्रमांक, तारीख, कुणाला दिले, कशासाठी, घेणाऱ्याची सही आणि मंजुरीची सही हवी. त्याच्या कोपऱ्यात निधीचं नावही लिहावं : टाकी, शालेय किंवा सर्वसाधारण. वर्षाच्या शेवटी आठवून निधी ठरवायला बसलं की रिक्षाभाडं टाकीच्या कामाचं होतं की शिबिराचं, यावर वाद होतात.

आपल्या न्यासाचा खर्च : टाकी ७५,०००, शालेय साहित्य ६८,०००, आरोग्य शिबिर ३६,०००, छपाई, प्रवास, बँक शुल्क वगैरे ४१,४००. एकूण २,२०,४००. अखेरची शिल्लक ९२,०००.

गैरसमज ३ : पासबुक दाखवतं तीच खरी शिल्लक.

वस्तुस्थिती : रोजकीर्द आणि पासबुक ३१ मार्चला क्वचितच जुळतात, आणि न जुळणं ही चूक असेलच असं नाही. आपल्या न्यासाच्या रोजकीर्दीत रोख ४,५०० आणि बँकेत ८७,५०० आहेत. पासबुक मात्र ९९,५०० दाखवतं. कारण वह्यांच्या दुकानदाराला २८ मार्चला दिलेला १४,००० चा धनादेश त्याने अजून बँकेत भरलेला नाही, आणि २९ मार्चला भरलेला देणगीदाराचा २,००० चा धनादेश अजून खात्यात जमा झालेला नाही.

ताळमेळ असा : पासबुक ९९,५००, त्यातून न वटलेला धनादेश १४,००० वजा, भरलेला पण जमा न झालेला २,००० मिळवला, आले ८७,५००. हे चार आकडे वेगळ्या कागदावर लिहून पत्रकाला जोडायचे. एप्रिलच्या पासबुकात दोन्ही धनादेश वटलेले दिसले की ताळमेळ खरा ठरतो. जूनपर्यंतही तेच धनादेश यादीत राहिले, तर कुठेतरी काही चुकलं आहे. रोख शिल्लक मात्र ३१ मार्चच्या संध्याकाळी प्रत्यक्ष मोजून, दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवावी. ती नंतर मोजता येत नाही.

गैरसमज ४ : शिल्लक संस्थेची, म्हणून कुठेही वापरता येते.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यांत जास्त त्रास देतो. टाकीसाठी म्हणून दिलेला पैसा टाकीचाच राहतो, मग तो एकाच बँक खात्यात इतर पैशांसोबत पडलेला का असेना. पत्रकाच्या शेवटी एकच ‘अखेरची शिल्लक’ दाखवली तर ही गोष्ट दिसत नाही. म्हणून पत्रकाखाली निधीनिहाय तक्ता द्यावा :

| निधी | आरंभी | जमा | खर्च | वर्ग | अखेर |
|---|---|---|---|---|---|
| पाण्याची टाकी | ३०,००० | ९०,००० | ७५,००० | – | ४५,००० |
| शालेय साहित्य | ० | ६०,००० | ६८,००० | +८,००० | ० |
| सर्वसाधारण | २०,००० | १,१२,४०० | ७७,४०० | −८,००० | ४७,००० |
| एकूण | ५०,००० | २,६२,४०० | २,२०,४०० | ० | ९२,००० |

व्याज सर्वसाधारण निधीत धरलं आहे, कारण एकाही देणगीदाराने वेगळी अट घातलेली नव्हती.

शालेय साहित्याची ओळ पाहा. देणग्या ६०,००० च्या, खर्च ६८,००० चा. जास्तीचे ८,००० कुठून तरी आलेच असणार. ते सर्वसाधारण निधीतून दिले असं विश्वस्तांनी सभेत ठराव करून लिहिलं, तर हिशोब स्वच्छ आहे. ते नकळत टाकीच्या पैशातून गेले, तर एका देणगीदाराचा पैसा दुसऱ्याच कामाला लागला. टाकीचा निधी शाळेकडे वळवायचाच असेल, तर आधी देणगीदारांची लेखी संमती घ्यावी. निधीचा आकडा वजा दिसतो तिथेच ही गोष्ट उघडी पडते, म्हणून वजा आकडा लपवायचा नाही. तो कुठून भरून काढला ते ‘वर्ग’ रकान्यात दाखवायचं.

कायद्याखालच्या १९५१ च्या नियमांत लेखापरीक्षकांनी काय तपासून अहवालात लिहायचं ते दिलेलं आहे. जमा आणि खर्च बरोबर दाखवले आहेत का, हातातली रोख आणि व्हाउचर हिशोबाशी जुळतात का, आणि न्यासाचा पैसा न्यासाच्या हेतूबाहेर वापरला गेला का, हे त्यात येतं. निधीनिहाय तक्ता हाताशी असला की यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वर्षभराची फाइल उलटीपालटी करावी लागत नाही.

गैरसमज ५ : शिल्लक दिसली की कर लागतो, म्हणून मार्चमध्ये संपवून टाका.

वस्तुस्थिती : आयकरासाठी नोंदणी असलेल्या न्यासाने साधारणपणे उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम आपल्या हेतूंसाठी वापरायची असते. उरलेले १५ टक्के कोणत्याही अर्जाविना राखता येतात. वापर ८५ टक्क्यांपेक्षा कमी झाला, तर कमी पडलेली रक्कम ठरावीक कामासाठी जास्तीत जास्त पाच वर्षं बाजूला ठेवण्याचा मार्ग आहे. त्यासाठी मुदतीत विहित अर्ज भरावा लागतो आणि पैसा कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत ठेवावा लागतो.

आपल्या न्यासात २,६२,४०० चे ८५ टक्के म्हणजे २,२३,०४०. खर्च २,२०,४००. ढोबळ हिशोबाने फरक २,६४० चा. आदल्या वर्षीच्या पैशातून झालेला टाकीचा खर्च यात कसा धरायचा, हे सीएंना विचारून ठरवावं. एवढ्या फरकासाठी ३० मार्चला दुकानदाराला आगाऊ पैसे देऊन ‘खर्च’ दाखवण्याची गरज नाही. तसं केल्यास माल न आलेलं व्हाउचर फाइलमध्ये राहतं, साठा रजिस्टर त्याला साथ देत नाही आणि प्रामाणिक संस्थेवरही संशय येतो.

पत्रक वार्षिक सभेत मांडताना त्याखाली तीन ओळी असाव्यात. अखेरची शिल्लक ९२,०००. त्यात टाकीचा अखर्चित निधी ४५,०००, पैकी १२,००० प्लंबरला देणे, म्हणजे टाकीच्या पुढच्या कामासाठी ३३,०००. विश्वस्तांना ठराव करून इतर कामांना वापरता येतील असे ४७,०००. मग सुरगाण्यातला पुढचा पाडा घ्यायचा की शिबिर वाढवायचं, हे सभा नेमक्या आकड्यांवर ठरवू शकते, आणि टाकीसाठी पैसे दिलेल्या माणसालाही त्याच्या पैशाचं काय झालं ते त्याच कागदावर वाचता येतं.