चॅनेलच्या कमाईला वेगळं खातं

साताऱ्यातल्या एका गृहिणीचं उदाहरण घेऊ. तिच्या पाककृतींच्या यूट्यूब चॅनेलचे पैसे घरखर्चाच्याच बचत खात्यात येतात. मार्चअखेर हिशेब करताना कमाई कुठली आणि माहेरून आलेले पैसे कुठले, हे शोधत बसावं लागतं.

यावर उपाय म्हणजे व्यवसायाच्या नावाचं चालू खातं. बँक त्यासाठी व्यवसायाचे साधारण दोन पुरावे मागते. पहिला उद्यम नोंदणीचा. आधार आणि पॅनच्या आधारे ती udyamregistration.gov.in वर मोफत होते, त्यामुळे एजंटला पैसे देऊ नका. दुसरा गुमास्ता. महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर त्यासाठी ऑनलाइन सूचना पुरते.

घोळ होतो तो नावात. ॲडसेन्समध्ये गृहिणीचं स्वतःचं नाव आणि खात्यावर चॅनेलचं नाव असेल, तर पैसे अडकू शकतात किंवा परत जाऊ शकतात. म्हणून खातं जोडण्याआधी दोन्हीकडची नावं जुळवून घ्या. ही रक्कम परदेशातून येते, तेव्हा बँकेकडून स्विफ्ट कोड घ्या आणि प्रत्येक जमा रकमेची पावती जपून ठेवा. विवरणपत्र भरताना तीच कामी येते.