खाते बंद झाल्यावर लिहायचे पत्र

समजा, पुण्याच्या तांबट आळीतून तांब्याचे जग घेऊन ते अमेझॉनवर विकणारे एक छोटे दुकान आहे. एके सकाळी ईमेल येते: वापरलेला माल नवा म्हणून विकल्याच्या तक्रारी आहेत, सबब खाते बंद. विक्री थांबते, आधीच्या विक्रीचे पैसेही अडकतात. जग तर कोरे करकरीत होते! दुकानदार त्याच तिरीमिरीत कळवतो, ‘ग्राहक खोटे बोलतात. आमचा धंदा वडिलांपासूनचा आहे.’ अशा पत्राला बहुधा छापील नकारच मिळतो.

दुकानदाराचा संताप रास्त असेल, पण समोरच्याला त्याचा उपयोग नसतो. अपील वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: हे का घडले, त्यावर तुम्ही काय केले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले. विक्रेत्यांच्या बोलीत याला ‘प्लॅन ऑफ अ‍ॅक्शन’ म्हणतात. वडिलांपासूनचा धंदा यात कुठेच बसत नाही.

म्हणून लेखणी उचलण्याआधी तपास करायचा. ईमेलमध्ये किंवा Account Health या पानावर कोणत्या वस्तूबद्दल तक्रार आहे ते दिसते. त्या वस्तूचे परत आलेले नग आणि ग्राहकांनी दिलेली कारणे एकेक करून वाचायची. आपल्या दुकानात समजा असे निघाले: ‘आत काळे डाग’, ‘बोटांचे ठसे’, ‘डबा आधी उघडलेला’. तांब्याला घामट हात लागला की काही दिवसांत ठसा काळपट उमटतो आणि पावसाळ्यात डाग लवकर धरतात. म्हणजे पहिल्या दोन तक्रारींतले जग नवेच होते. तिसऱ्याची गोष्ट वेगळी. परत आलेला एक जग पुसून पुन्हा कपाटात गेला होता आणि तोच दुसऱ्या ग्राहकाला रवाना झाला. इथे ग्राहकाचे काय चुकले?

आता पत्र असे होते: ‘जग उघड्या हाताने हाताळून ओलावा न रोखणाऱ्या डब्यात भरले जात होते आणि परत आलेला माल नव्या मालात मिसळत होता. हा साठा आम्ही विक्रीतून काढला आहे, तक्रारदारांचे पैसे परत केले आहेत. यापुढे हातमोजे घालून पुसणे, बंद पिशवीत ओलावा शोषणारी पुडी टाकणे आणि परत आलेला नग नवा म्हणून कधीही न विकणे, ही पद्धत लागू केली आहे.’ यात न केलेला गुन्हा कबूल केलेला नाही, पण आपल्या हातात जे होते ते टाळलेलेही नाही. जे केले नाही ते ‘केले’ म्हणून लिहू नये. पुरावा मागितला की पंचाईत होते.

खरा खोळंबा बिलांपाशी होतो. माल अस्सल आहे का, अशी शंका असेल तर पुरवठादाराची गेल्या ३६५ दिवसांतली बिले मागतात. त्यांवर पुरवठादाराचे नाव, पत्ता, फोन हवा आणि तुमचे नाव-पत्ता खात्यातल्याशी जुळायला हवा. नगांचा हिशेबही बसला पाहिजे. वर्षात ६० जग विकले आणि बिले २५ चीच असतील, तर उरलेले ३५ आले कुठून? चिठ्ठीवरच्या हिशेबाने चालणारा तांबट कितीही सचोटीचा असला तरी इथे त्याचा शब्द चालत नाही. जुन्या तारखेचे बिल बनवून घेण्याचा मोह मात्र आवरावा. पुरवठादाराला विचारणा होऊ शकते आणि बनावट कागद सापडला तर खाते परत मिळण्याची आशा जवळपास संपते. दुसऱ्याच्या नावाने नवे खाते उघडणेही तसेच. जोडलेली खाती ओळखून तीही बंद केली जातात.

आता अन्याय्य शेऱ्याबद्दल. विक्रेत्याबद्दलचे वाईट शेरे आणि भरपाईचे दावे ‘ऑर्डर डिफेक्ट रेट’मध्ये मोजले जातात. साठ दिवसांच्या टप्प्यात हे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. त्या काळात ८० ऑर्डरी असतील तर एकच वाईट शेरा प्रमाण १.२५ टक्क्यांवर नेतो. छोट्या दुकानाला हा नियम जाचक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विक्रेत्याबद्दलच्या रकान्यात ग्राहकाने फक्त वस्तूबद्दल लिहिले असेल, उदाहरणार्थ ‘जग फार छोटा आहे’, तर तो शेरा काढण्याची विनंती मान्य होऊ शकते. ‘जग छोटा आणि पाठवायलाही उशीर’ असे असेल तर बहुधा नाही. शेरा खोटा आहे एवढे म्हणून भागत नाही, तो नियमात का बसत नाही ते दाखवावे लागते. आणि शेरा बदलण्यासाठी ग्राहकाला पैसे किंवा भेट देऊ केली, तर तोच खाते बंद होण्याचा नवा मुद्दा ठरतो.

खाते सुरू असलेल्यांनी या आठवड्यात एवढे करावे: पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचे पूर्ण नाव-पत्त्याचे बिल घ्यावे, त्यावरचे नग विक्रीशी ताडून पाहावेत आणि परत आलेल्या मालाला वेगळे कपाट द्यावे.