शेवटच्या टोकाचं वजन

कलनशास्त्राच्या परीक्षेत हमखास दिसणारा एक प्रश्न असा: `f` हे 0 ते 1 या पट्ट्यावरचं संतत फलन आहे, म्हणजे त्याचा आलेख कुठेही तुटत नाही. तर `n∫₀¹ xⁿ f(x) dx` ही राशी, n वाढत गेल्यावर, कशाकडे जाते?

घाईत उत्तर येतं शून्य. x हा १ पेक्षा लहान असेल तर xⁿ विरघळतोच. पण बाहेर n उभा आहे, तो फुगतो आहे. एक विरघळतो, दुसरा फुगतो. नुसत्या नजरेने निकाल लागत नाही.

उदाहरण घेऊ: `f(x) = 5 − 3x`. ते ५ पासून उतरत २ वर येतं; सरासरी साडेतीन. संकलन केल्यावर आपली राशी `5n/(n+1) − 3n/(n+2)` होते. n = १० ला ती २.०४५, n = १०० ला २.००९, n = १००० ला २.००१. सरासरीचा इथे पत्ताच नाही. राशी २ कडे, म्हणजे `f(1)` कडे निघाली आहे.

असं का, हे समजायला `n·xⁿ` कडे वजन म्हणून पाहावं. 0 ते 1 मधलं एकूण वजन `n/(n+1)`, म्हणजे जवळपास १. ते वाटलं कसं गेलंय, हे मात्र पाहण्यासारखं आहे. n = १०० असताना ०.९ च्या डावीकडे, म्हणजे पट्ट्याच्या नऊ दशांश लांबीवर, चाळीस हजारांतला एक भागही वजन पडत नाही, आणि ०.९९ नंतरच्या शेवटच्या शंभराव्या हिश्श्यात सुमारे ६४ टक्के जमा होतं. डावीकडे `f` ने कितीही कोलांट्या मारल्या, तरी तिथे वजनच नाही. टोकाजवळ, संतततेमुळे, `f` ची किंमत `f(1)` पासून फारशी हलत नाही. म्हणून सीमा `f(1)`.

पुस्तकी सिद्धताही हीच आहे. पट्टा `1 − δ` पाशी तोडायचा. संतत फलन या पट्ट्यावर मर्यादित असतं, म्हणून `|f|` कधी M च्या वर जात नाही. त्यामुळे डाव्या भागाची चूक `2M(1−δ)ⁿ⁺¹` पेक्षा जास्त होत नाही, आणि ती n वाढताच मरते. उजव्या भागाची चूक δ लहान घेऊन आपल्याला हवी तितकी कमी करता येते. n आधी वाढवून δ नंतर निवडायचा, असा क्रम विद्यार्थी बऱ्याचदा उलटा लावतात. δ आधी पक्का व्हायला हवा.

बारकाईने पाहिलं तर सगळीकडची संतता लागलीच नाही. टोकाशी ती हवी, बाकीकडे फलन मर्यादित आणि संकलनीय असलं की पुरे. टोकालाच ती मोडली, तर? सगळीकडे शून्य आणि फक्त x = 1 ला ५ असं फलन घ्या: प्रत्येक संकलन शून्य, सीमाही शून्य, `f(1)` मात्र ५. आणि `f(x) = 1/√(1−x)` घेतलं, जे टोकाशी आकाशाला भिडतं, तर राशी कुठेच स्थिरावत नाही: n = १०० ला सुमारे १७.७, n = १०,००० ला सुमारे १७७, आणि पुढे `√(πn)` च्या चालीने वाढतच राहते.