घड्याळ विकायचं की भेटवस्तू? एचएमटी, टायटन आणि धंद्याची आखूड नजर

तुमकूरची एचएमटी घड्याळ फॅक्टरी आता बंद आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस कंपनी गुंडाळायला मंजुरी दिली आणि पुढे तिथली जागा इस्रोकडे गेली. तिकडे होसूरला टायटनची फॅक्टरी मात्र चालूच आहे. बेळगावपासून इंदूरपर्यंत कुठल्याही मराठी घरातलं जुनं कपाट उघडलं, तर एखादं 'जनता' किंवा 'पायलट' सापडेल. ज्या कंपनीचं घड्याळ घराघरात होतं, तिच्यावर ही वेळ का आली?

याचं एक उत्तर धंद्याच्या शास्त्रात १९६० मध्येच लिहून ठेवलेलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक थिओडोर लेविट यांनी त्या वर्षी 'मार्केटिंग मायोपिया' नावाचा लेख लिहिला. मायोपिया म्हणजे जवळचं दिसतं, पण लांबचं धूसर होतं असा डोळ्यांचा दोष. लेविट यांनी उदाहरण दिलं अमेरिकन रेल्वे कंपन्यांचं. लोकांचा प्रवास आणि मालाची वाहतूक कमी झाली नव्हती, उलट वाढतच होती. तरीही रेल्वे कंपन्या अडचणीत आल्या, कारण 'आपला धंदा रेल्वेचा' असंच त्या समजत राहिल्या. 'आपला धंदा वाहतुकीचा' असं त्यांनी म्हटलं नाही. गिऱ्हाईक मग ट्रक, मोटारी आणि विमानांकडे गेलं.

यंत्र बनवणाऱ्यांचं घड्याळ

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स. कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवण्यासाठी ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बेंगळूरला सुरू झाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिने घड्याळं बनवायला घेतली. परदेशी घड्याळ मिळणं अवघड, चोरट्या मार्गाने आलेलं महाग. अशा काळात रोज चावी द्यायचं, दणकट, सामान्य माणसाला परवडणारं देशी घड्याळ मिळू लागलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तिथवर काहीच चुकलं नव्हतं.

पण लोक हे घड्याळ कशासाठी घेत होते? वेळ बघायला तर घेतच होते. त्याशिवाय मुलगा मॅट्रिक पास झाला म्हणून, पहिली नोकरी लागली म्हणून, लग्नात जावयाला द्यायचं म्हणूनही घेत होते. 'कांचन'सारख्या मॉडेलला तर लग्नसराईत मोठी मागणी असायची. म्हणजे गिऱ्हाईक भेटवस्तू घेत होतं, मान घेत होतं. कंपनी मात्र त्याला वेळ दाखवणारं यंत्र देत होती.

जोवर माल कमी आणि मागणी जास्त होती, तोवर हा फरक कुणाला जाणवला नाही. लेविट यांचा इशारा नेमका इथलाच आहे. आपल्या मालाला पर्याय नाही असं वाटायला लागलं की कंपनीचं सगळं लक्ष उत्पादनावर जातं. यंदा किती नग काढले आणि एका नगाला किती खर्च आला, एवढाच हिशेब राहतो. गिऱ्हाईक कशासाठी आलंय, हे विचारायचं राहून जातं.

क्वार्ट्झ आधी कुणाकडे होतं?

एचएमटी तंत्रज्ञानात मागे पडली म्हणून बुडाली, असं सर्रास सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ एचएमटीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात आणलं होतं. टायटनचं पहिलं घड्याळ त्यानंतर, १९८७ मध्ये आलं. पण चावीच्या घड्याळांचे कारखाने, कामगार आणि कौशल्य हीच एचएमटीची मोठी पुंजी होती. तिचा भर बराच काळ तिथेच राहिला.

टाटा आणि तामिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये टायटन उभी केली. झर्क्सेस देसाई तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. टायटनने क्वार्ट्झवर भर दिला, पण जिंकली ती फक्त त्यामुळे नाही. घड्याळ म्हणजे हातावरचा दागिना आणि द्यायची भेट, हे तिने धरलं. डिझाइनं भरपूर काढली. घड्याळाच्या दुकानात तोवर काचेच्या पेटीत माल आणि शेजारी दुरुस्तीचं टेबल असायचं. टायटनने झगझगीत शोरूम काढली. मोझार्टच्या धूनवरच्या तिच्या जाहिरातीत कुणीतरी कुणाला घड्याळ भेट देताना दिसायचं, आतल्या यंत्राचं कौतुक नसायचं.

या व्याख्येमुळे स्पर्धक कोण, हेही बदलतं. एचएमटीच्या नजरेत स्पर्धक म्हणजे दुसरं घड्याळ. भेटवस्तूच्या धंद्यात मात्र साडी, पेन आणि सोन्याची अंगठीही स्पर्धक ठरते. पुढे मोबाइलवर वेळ दिसायला लागली, तेव्हा फक्त वेळ विकणाऱ्याचं नुकसान जास्त झालं. मान आणि हौस विकणाऱ्याला उभं राहायला जागा उरली.

व्याख्या रुंद केली की झालं?

नाही, आणि हेही टायटननेच शिकवलं. दागिन्यांच्या धंद्यात तिने १९९०च्या दशकात तनिष्क आणलं. सुरुवातीचे दागिने १८ कॅरेटचे होते, पाश्चात्य धाटणीचे. आपल्याकडच्या बाईला सोनं हवं असतं २२ कॅरेटचं. अंगावर मिरवायलाही आणि अडीअडचणीला मोडायलाही. दागिने हवे तसे खपेनात. मग कंपनी २२ कॅरेटकडे वळली आणि दुकानांत कॅरटमीटर ठेवले. दागिना न वितळवता त्यातलं सोनं किती शुद्ध आहे, हे ते यंत्र काही मिनिटांत सांगतं. आपण २२ कॅरेट समजून घेतलेलं सोनं त्याहून हलकं निघाल्याचं अनेकांना तिथे कळलं. दागिन्यांत गिऱ्हाइकाची खरी गरज होती विश्वासाची, आणि ती सापडल्यावर गाडी रुळावर आली. आज टायटनच्या उलाढालीतला सर्वात मोठा वाटा दागिन्यांचा आहे.

लेविट यांच्या सिद्धांताची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. 'आम्ही वाहतुकीच्या धंद्यात आहोत' असं म्हटल्याने रेल्वे कंपनीला विमान चालवता येत नाही. त्यासाठी पैसा, माणसं आणि निर्णयाची मोकळीक लागते. एचएमटी सरकारी कंपनी होती. भाव, भरती, नवी गुंतवणूक यांवर तिचा हात मोकळा नव्हता. त्यामुळे सगळा दोष नजरेवर टाकणं न्यायाचं नाही. पण नजर साफ असती, तर बाजारात वर असतानाच पावलं उचलायला तिच्याकडे वेळ होता.

आपल्या दुकानात हे कसं ओळखायचं?

'तुमचा धंदा काय?' या प्रश्नाचं उत्तर वस्तूच्या नावाने येत असेल, तर थोडं थांबा. आठवडाभर एक वही ठेवा. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने काय घेतलं यापुढे ते कशासाठी घेतलं, हेही लिहा. हे विचारायला अवघड नाही, 'कुणासाठी घेताय?' एवढं पुरतं. त्याने नाही घेतलं, तर त्याऐवजी कुठे गेला हेही टिपा. घड्याळाच्या दुकानातून उठलेलं गिऱ्हाईक शेजारच्या घड्याळवाल्याकडे न जाता सराफाकडे जात असेल, तर तुमचा खरा स्पर्धक तोच.

एकेकाळी चौकाचौकात एसटीडी बूथ होते. ज्यांनी आपला धंदा 'फोन' समजला, त्यांचं दुकान मोबाइल आल्यावर बसलं. 'घरापासून लांब असलेल्या माणसाला घराशी जोडायचं' असं ज्यांनी धरलं, त्यांच्यासाठी त्याच टपरीत आधी रिचार्ज आणि मग गावी पैसे पाठवण्याचं काम तयार होतं. गिऱ्हाईक तेच होतं आणि त्याची गरजही तीच होती. बदललं फक्त टेबलावरचं यंत्र.