आठ जागा, सात बिट

१९९८ साली आलेल्या पहिल्या आयमॅकमध्ये पॉवरपीसी ७५० ही चिप होती. तिचीच किरणोत्सर्गाला टिकणारी आवृत्ती, आरएडी७५०, २०१२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरबरोबर मंगळावर उतरली. मूळ चिपमध्ये डेटासाठी ३२ किलोबाइटची छोटी पण अतिवेगवान स्मृती आहे. तिला कॅश म्हणतात. ही कॅश १२८ सेटमध्ये विभागलेली असते. प्रत्येक सेटमध्ये आठ जागा असतात आणि एका जागेत ३२ बाइटचा एक ब्लॉक मावतो. कोणता डेटा कोणत्या सेटमध्ये जाणार हे त्याच्या पत्त्यावरूनच ठरतं. पण सेटच्या आठही जागा भरल्या असतील आणि नववा ब्लॉक दारात येऊन उभा राहिला, तर आतल्या कोणाला उठवायचं?

सरळ उत्तर असं की ज्याला सर्वांत जास्त वेळ कोणी विचारलेलं नाही, त्याला. मात्र हे अचूक सांगायचं तर आठही ब्लॉकांचा क्रम सतत लक्षात ठेवावा लागतो. असे क्रम ४०,३२० होतात आणि ते नोंदवायला प्रत्येक सेटमागे किमान १६ बिट लागतात. खरी अडचण बिटांच्या संख्येपेक्षा वेळेची आहे. कोणताही ब्लॉक वापरला की जुना क्रम वाचून, त्याला पहिल्या नंबरावर आणून, बाकीच्यांना एकेक पायरी खाली सरकवावं लागतं, आणि तेही प्रत्येक वापराला.

म्हणून पॉवरपीसी ७५०च्या रचनाकारांनी अंदाजावर चालणारी पद्धत घेतली. तिला प्रत्येक सेटमागे फक्त सात बिट पुरतात. चिपच्या मॅन्युअलमध्ये त्यांची नावं B0 ते B6 अशी आहेत. हे बिट म्हणजे रस्त्याच्या फाट्यांवर लावलेल्या बाणाच्या पाट्या समजा. B0 हा पहिला फाटा: डावीकडे ० ते ३ या जागा, उजवीकडे ४ ते ७. डाव्या बाजूला B1 पुन्हा दोन वाटा करतो, उजव्या बाजूला B2. शेवटी B3 हा ० आणि १ या जागांमध्ये निवड करतो, B4 हा २ आणि ३ मध्ये, B5 हा ४ आणि ५ मध्ये, B6 हा ६ आणि ७ मध्ये. बिट ० असेल तर बाण डावीकडे, १ असेल तर उजवीकडे. बाणांमागून चालत गेलं की तीन फाट्यांनंतर ज्या जागेपाशी पोहोचतो, तिथला ब्लॉक बाहेर जातो.

आणि एखादा ब्लॉक वापरला गेला की त्याच्या वाटेवरच्या तिन्ही पाट्या त्याच्याकडे पाठ करतात. जागा ० वापरली की B0, B1, B3 तिन्ही १ होतात. बाकीच्या चार बिटांना हातही लावायचा नाही आणि आधी काय लिहिलं होतं ते वाचायचीही गरज नाही. एवढ्याशा कामामुळेच ही पद्धत स्वस्त पडते.

आता प्रत्यक्ष चालवून पाहू. रिकाम्या सेटमध्ये क, ख, ग, घ, च, छ, ज, झ असे आठ ब्लॉक जागा ० ते ७ मध्ये ओळीने येऊन बसले. प्रत्येक फाट्यावर शेवटचा वापर उजव्या बाजूचा झाला, म्हणून सगळे बाण डावीकडे, म्हणजे सातही बिट ०. आता ट, ठ, ड, ढ हे नवे ब्लॉक एकामागून एक मागितले जातात. यातला एकही सेटमध्ये नाही, म्हणजे प्रत्येक वेळी मिस.

```
मागणी    जागा  B0 B1 B2 B3 B4 B5 B6
सुरुवात   -     0  0  0  0  0  0  0
ट        0     1  1  0  1  0  0  0
ठ        4     0  1  1  1  0  1  0
ड        2     1  0  1  1  1  1  0
ढ        6     0  0  0  1  1  1  1
```

पहिला निर्णय बरोबर आहे: सर्वांत जुना क बाहेर पडला. दुसऱ्याच पावलावर अंदाज चुकला. आता सर्वांत जुना ख आहे, पण ट नुकताच डावीकडे बसल्यामुळे B0 उजवीकडे दाखवतो आणि बळी जातो च. सात बिटांना एवढंच ठाऊक आहे की प्रत्येक फाट्यावर शेवटचा वापर कोणत्या बाजूला झाला. उरलेला इतिहास पुसला गेलेला असतो.

नुसत्या मिस येत राहिल्या तर याने फार बिघडत नाही. पुढची पाळी १, ५, ३, ७ अशी लागते आणि आठ मिसमध्ये आठही जागांचा फेरा पूर्ण होतो. गोष्ट बिघडते ती मध्येमध्ये हिट मिसळल्या की.

सेट पुन्हा मूळ स्थितीत आणू: क ते झ बसलेले, सातही बिट ०. एक प्रोग्रॅम ज हा ब्लॉक सतत वापरतो आणि त्याच्या आड ट, ठ, ड, ढ, त हे पाच ब्लॉक फिरून फिरून मागतो: ज, ट, ज, ठ, ज, ड, असं. एकूण ब्लॉक सहा, जागा आठ. सगळे मावायला हवेत.

ज जागा ६ मध्ये आहे. तो वापरला की B0 होतो ०, म्हणजे बाण डावीकडे. ट मिस होतो आणि डावीकडे जागा ० घेतो. B0 आता १ झाला. पण पुढचीच मागणी पुन्हा ज, त्यामुळे B0 लगेच परत ०. ठ डावीकडे, जागा २. ड जागा १, ढ जागा ३. पाचवा त आला तेव्हाही B0 डावीकडेच बोट दाखवतो, आणि B1 व B3 त्याला जागा ० कडे नेतात. तिथे ट बसलेला आहे. तो बाहेर पडतो, आणि पाचांच्या फेऱ्यात पुढची मागणी नेमकी ट चीच असते. तो परत येताना जागा २ मधल्या ठ ला घालवतो, आणि लगेच ठ हवा असतो. हे चक्र कधीच थांबत नाही. पाचही ब्लॉक प्रत्येक वेळी मिस.

या सगळ्या काळात जागा ४, ५ आणि ७ मध्ये च, छ, झ आरामात बसून आहेत. त्यांना कोणी विचारत नाही आणि कोणी उठवतही नाही, कारण मिस येते तेव्हा B0 कधीच उजवीकडे नसतो. काटेकोर क्रम ठेवणाऱ्या कॅशमध्ये पहिल्याच फेरीत पाचव्या मिसला च बाहेर पडला असता आणि दुसऱ्या फेरीपासून एकही मिस झाली नसती.

याच्या उलट टोकही आहे. जागा ० मधला ब्लॉक आत्ताच वापरला, मग १, २ आणि ४ या जागांवर क्रमाने हिट झाल्या. पहिलीने B3 उलटला, दुसरीने B1, तिसरीने B0. आता मिस आली की तो ताजा ब्लॉक बाहेर. आपल्यानंतर फक्त तीन ब्लॉक वापरले गेले तर तो नक्की टिकतो, त्यापुढे हमी नाही. एखादं काम जास्तीत जास्त किती वेळ घेईल हे आधी सिद्ध करावं लागतं, अशा विमानांच्या नियंत्रणप्रणालींत याची झळ लागते. तिथे आठ जागांच्या कॅशमधले शेवटी वापरलेले चारच ब्लॉक हिशेबात भरवशाने धरता येतात.

हा दोष पकडणं अवघड जातं, कारण तो आधीच्या उरलेल्या मालावर अवलंबून असतो. चाचणीपूर्वी कॅश रिकामी केली तर दिसतच नाही: ही चिप आधी रिकाम्या जागा भरते, आणि सहा ब्लॉक सहा जागांवर निवांत बसतात. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या कामानंतर चालवला तर मंदावतो. संशय आला तर पत्ते तपासावेत. या चिपमध्ये एकमेकांपासून ४,०९६ बाइटच्या पटीत अंतर असलेले पत्ते एकाच सेटमध्ये येतात. सहा ॲरे नेमक्या अशा अंतरावर असतील, तर पाचांपैकी एक ३२ बाइट पुढे सरकवावा. तो शेजारच्या सेटमध्ये जातो, इथे ज च्या जोडीला चारच उरतात, ते डावीकडच्या चार जागांत मावतात आणि चिपच्या मोजणीतला मिसचा आकडा एकदम खाली येतो.