पाणी उकळताना नियम का मोडते?

तीन द्रव घेऊ. पहिला हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू. तो थंड करून द्रव केला की उणे ६० अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा बेन्झीन, ८० अंशांना उकळणारा. तिसरे नॅप्थलीन, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्यांचा पदार्थ. ते वितळवून तापवत नेले तर २१८ अंशांना उकळते. वास, रेणूंचा आकार, उकळण्याचे तापमान अशा कशातच हे तीन पदार्थ एकमेकांसारखे नाहीत.

प्रत्येकाचा एक मोल, म्हणजे रेणूंची तीच ठरावीक संख्या, उत्कलनबिंदूवर द्रवातून वाफेत नेण्यासाठी किती उष्णता द्यावी लागते ते पाहू. हायड्रोजन सल्फाइडला १८.७ किलोज्यूल पुरतात, बेन्झीनला ३०.७ लागतात आणि नॅप्थलीनला ४३.२. आता ही उष्णता त्या त्या उत्कलनबिंदूने भागायची. तापमान मात्र केल्विनमध्ये घ्यायचे, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे. भागाकार अनुक्रमे ८८, ८७ आणि ८८ ज्यूल येतो. अॅसिटोन, क्लोरोफॉर्म, टोल्युइन, ईथर यांचेही उत्तर ८५ ते ८९ च्या दरम्यानच राहते.

फ्रेडरिक ट्राउटन या डब्लिनच्या विशीतल्या तरुणाने १८८४ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली, म्हणून तिला ट्राउटनचा नियम म्हणतात. पाण्याला मात्र हा नियम लागू पडत नाही. पाण्याचा भागाकार १०९ येतो आणि इथेनॉलचा, म्हणजे मद्यातल्या अल्कोहोलचा, ११०. बहुतेक द्रव एका आकड्यावर का जमतात हे कळले, की या दोघांचे वेगळेपणही उलगडते.

हा भागाकार म्हणजे बाष्पीभवनाची एन्ट्रॉपी. रेणूंना किती प्रकारे मांडून घेता येईल, कुठे कुठे असता येईल, कसे कसे वळता येईल, याची ती मोजदाद आहे. शक्यतांचे आकडे अफाट असल्यामुळे ती लॉगरिदमच्या मापाने ठेवली जाते. त्या मापातून उलटे आलो तर ८७ ज्यूलचा अर्थ असा निघतो, की द्रवातून वाफेत जाताना प्रत्येक रेणूपुढच्या शक्यता सुमारे ३५ हजारपट वाढतात.

हे ३५ हजार कुठून येतात ते बेन्झीनवरून पाहू. उत्कलनबिंदूवर बेन्झीनचा एक मोल द्रवरूपात सुमारे ९६ मिलिलिटर जागा घेतो. वाफ झाल्यावर त्याच मोलला जवळजवळ २९ लिटर जागा मिळते. ही वाढ झाली तीनशेपट. मग उरलेली शंभराहून जास्त पट वाढ कुठली?

द्रवातल्या रेणूला ते ९६ मिलिलिटर खऱ्या अर्थाने मोकळे नसतातच. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसासारखी त्याची गत असते. डबा मोठा असतो, पण त्या माणसाला इकडून तिकडे फक्त वजन टाकता येते, कारण बाकीची जागा इतरांच्या अंगांनी व्यापलेली असते. २९ लिटरांना ३५ हजारांनी भागले तर ०.८ मिलिलिटर येतात. म्हणजे बेन्झीनच्या संपूर्ण मोलला हालचालीसाठी जणू एवढीच मोकळी जागा आहे, द्रवाच्या आकारमानाच्या एक टक्क्याहूनही कमी. पुढच्या हिशेबात आपण हिला ‘मोकळीक’ म्हणू. प्रत्यक्षात कुठे मोजपट्टी लावून ती दाखवता येणार नाही. रेणूवरच्या सगळ्या बंधनांची ती एका आकड्यातली बेरीज आहे.

ही मोकळीक वेगवेगळ्या द्रवांत फारशी बदलत नाही. हायड्रोजन सल्फाइडची याच रीतीने काढली तर ती साधारण ०.५ मिलिलिटर भरते. साध्या द्रवांतले रेणू एकमेकांना खेचतात, पण ती ओढ सगळ्या बाजूंनी जवळपास सारखी असते. त्यामुळे रेणू एकमेकांना खेटून बसतात खरे, पण कसे बसावे याची सक्ती त्यांच्यावर नसते. राहता राहिली वाफ. वाफेतले रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की कोणत्याही पदार्थाची वाफ जवळपास सारखीच वागते. नॅप्थलीनच्या वाफेला हायड्रोजन सल्फाइडच्या वाफेपेक्षा दुपटीहून थोडी जास्त जागा मिळते, पण लॉगरिदमच्या मापात दुपटीची किंमत जेमतेम ६ ज्यूल असते. सुरुवात सारखी आणि शेवटही सारखा, म्हणून मधली झेपही सारखीच पडते.

मग ज्या रेणूंची एकमेकांवरची ओढ जास्त, त्यांचा आकडा मोठा का येत नाही? कारण ओढ जास्त असली की उष्णता जास्त लागते, पण द्रव उकळतोही जास्त तापमानाला. भागाकारात अंश आणि छेद दोन्ही सोबतच वाढतात. द्रव तापत तापत जातो, सैल होतो आणि त्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाएवढा झाला की उकळू लागतो. कमी ओढीचा द्रव या सैलपणापर्यंत लवकर पोहोचतो, जास्त ओढीचा उशिरा.

याच ठिकाणी पाण्याबद्दलचा एक सोपा पण अपुरा खुलासा बाजूला पडतो. पाण्यात हायड्रोजन बंध आहेत, ते तोडायला जास्त उष्णता लागते, म्हणून आकडा मोठा, असे सांगितले जाते. पण पाण्याच्या एका मोलला लागतात ४०.७ किलोज्यूल आणि नॅप्थलीनला ४३.२. उष्णता जास्त लागूनही नॅप्थलीन नियमात बसते. तेव्हा नुसती ओढीची ताकद हे कारण पुरे पडत नाही. खरे कारण त्या ओढीच्या दिशेत आहे.

हे सगळ्यात स्वच्छ दिसते ते इथेनॉल आणि डायमेथिल ईथर या जोडीत. दोघांच्या रेणूत तेच अणू आहेत: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फरक एवढाच, की ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे बसलेला आहे आणि इथेनॉलमध्ये तो टोकाला असून त्याला एक हायड्रोजन जोडलेला आहे. आपापल्या उत्कलनबिंदूला दोघांचा एक मोल द्रव जागाही जवळपास सारखीच घेतो, ६२-६३ मिलिलिटर. ईथर उणे २५ अंशांना उकळते आणि त्याला २१.५ किलोज्यूल लागतात. भागाकार ८७, अगदी नियमाबरहुकूम. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, त्याला ३८.६ किलोज्यूल लागतात आणि भागाकार येतो ११०.

मोकळीक काढून पाहिली तर ईथरच्या वाट्याला सुमारे ०.६ मिलिलिटर येतात आणि इथेनॉलच्या वाट्याला फक्त ०.०५. अणू तेच, द्रवाचे आकारमान तेच, तरी मोकळीक दहापटीहून जास्त घटली. याला कारण टोकाचा तो एक हायड्रोजन. तो शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतो, पण कसाही नाही. दोन ऑक्सिजन आणि मधला हायड्रोजन जवळपास एका रेषेत आले तरच हा बंध नीट जमतो. त्यासाठी रेणूला ठरावीक दिशेला तोंड करून राहावे लागते. ईथरमध्ये रेणू बऱ्यापैकी वळू शकतो. इथेनॉलमध्ये तो वळला की बंध निसटतो, म्हणून तो बहुतेक वेळ जागच्या जागी डोलत राहतो. बंध सतत तुटतात आणि नव्याने जुळतात, पण कोणत्याही क्षणी बहुतेक रेणू कुणाशी तरी असे बांधलेलेच असतात.

पाण्याची तऱ्हा हीच, फक्त जास्त गुंतागुंतीची. त्याच्या रेणूला देण्यासारखे दोन हायड्रोजन आहेत आणि घेण्यासाठी ऑक्सिजनवर दोन जागा. त्यामुळे तो चार शेजाऱ्यांशी बांधला जाऊ शकतो. त्याची मोकळीक भरते ०.०६ मिलिलिटर. पाण्यासारखीच घडण असलेल्या हायड्रोजन सल्फाइडची ०.५ होती हे लक्षात घेतले, की ऑक्सिजनच्या जागी गंधक आल्याने केवढा फरक पडतो ते कळते. गंधक हायड्रोजन बंध फारच दुबळे करतो. बांधलेल्या अवस्थेतून पाण्याचा रेणू वाफेत गेला, की त्याला जागा मिळतेच, शिवाय हवे तसे फिरायची मुभाही मिळते. बेन्झीनच्या रेणूपुढच्या शक्यता ३५ हजारपट वाढल्या होत्या, पाण्याच्या जवळपास पाच लाखपट वाढतात. म्हणजे पाण्याची वाफ इतरांपेक्षा काही जास्त विस्कळीत नसते. पाणी द्रव असतानाच जास्त शिस्तीत असते.

या फरकाची किंमत मोजावी लागते. उकळण्याच्या तापमानावरून लागणारी उष्णता काढायला हा नियम सोयीचा आहे: केल्विन तापमानाला ८७ ने गुणायचे. टोल्युइनसाठी उत्तर शेकडा एकाच्या आत बरोबर येते. पाण्यासाठी ३२.५ किलोज्यूल येतात, प्रत्यक्षात त्यापेक्षा चौथा हिस्सा जास्त लागतात. पाणी किंवा अल्कोहोल ऊर्ध्वपातन करणाऱ्या यंत्रासाठी इंधनाचा अंदाज या नियमाने बांधला, तर इंधन हमखास कमी पडेल.

आकडा उलट्या दिशेनेही चुकतो. व्हिनेगरमधले अॅसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळते, पण त्याच्या मोलला जेमतेम २४ किलोज्यूल पुरतात आणि भागाकार ६१ वरच थांबतो. त्याच्यातही हायड्रोजन बंध आहेत, मग असे का? कारण हे रेणू वाफेत गेल्यावरही एकमेकांना सोडत नाहीत. दोन रेणू दोन बंधांनी समोरासमोर जुळून जोडीनेच बाहेर पडतात आणि उत्कलनबिंदूवरच्या वाफेत बहुतांश रेणू अशा जोड्यांतच असतात. बंध पुरते तुटले नाहीत, म्हणून उष्णता वाचली. स्वतंत्र फिरणारे कण कमी झाले, म्हणून शक्यताही फारशा वाढल्या नाहीत. याची खूण वाफेच्या घनतेतच सापडते: सुट्या रेणूंची असती त्यापेक्षा ही वाफ बरीच जड भरते.

अतिथंड द्रवांत नियम ढिला पडतो, त्याचे कारण मात्र रेणूंमध्ये नाही. मिथेन उणे १६२ अंशांना उकळतो. एवढ्या थंडीत नेहमीच्या हवेच्या दाबाला त्याच्या वाफेला ९ लिटरच जागा मिळते, म्हणून आकडा ७३ येतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डेब्रँड यांनी १९१५ मध्ये यावर उपाय सुचवला. सगळ्यांची तुलना समान दाबाला न करता, वाफेला समान जागा मिळेल अशा तापमानाला करायची. असे केले की साधे द्रव आणखी जवळ येतात आणि पाणी, अल्कोहोल हे आणखी ठळकपणे वेगळे दिसतात. म्हणूनच हिल्डेब्रँड यांनी हा भागाकार द्रव ओळखण्याची कसोटी म्हणून वापरला. अनोळखी द्रवाचा उत्कलनबिंदू आणि त्याला लागणारी उष्णता मोजायची. ८७ च्या आसपास आकडा आला तर रेणू सुटे आहेत. तो बराच वर गेला तर ते द्रवातच बांधलेले आहेत, आणि बराच खाली आला तर वाफेतही जोडीने आहेत. रेणू डोळ्यांना न दिसताही त्यांची आपसातली बांधणी या एका भागाकारातून वाचता येते.