नवी पाटी नंतर, आधी एकच नाव, एकच रंग आणि एकच शब्द

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील व्यापाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज आपण पाटीबद्दल बोलायला जमलो आहोत आणि आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो, की नवीन पाटी लावायच्या आधी करायची तीन कामं आहेत. ती न करता पाटी बदलली, तर पैसे भिंतीवर जातात आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात काहीच जात नाही.

२०२३ सालचा पावसाळा संपताना काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. दुकानांवर देवनागरी मराठी पाटी हवी, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू झाला होता. मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि मग सगळीकडे पाट्या बदलायची एकच घाई उडाली. पाटी मराठीत आली, ते योग्यच झालं. पण त्या घाईत बऱ्याच दुकानांचं नाव पाटीवाल्याने ठरवलं. आधी इंग्रजी पाटीवर एक नाव होतं, बिलावर दुसरं होतं, आता मराठी पाटीवर तिसरं आलं. हे कसं होतं आणि त्यात काय जातं, ते आज पाहू.

आधी एक साधी गोष्ट. पाटी कोण वाचतो? जो दुकानासमोर उभा आहे तो. पण तुमचं नाव जिथे खरं कामाला येतं, तिथे पाटी नसते. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये एक बाई दुसरीला विचारते, "शेव कुठून आणलीस गं?" तिथे ना तुमचा दिवा लागलेला बोर्ड आहे, ना फ्लेक्स. तिथे फक्त तोंडातून निघणारा एक शब्द आहे. तो शब्द ऐकणारीला स्टेशनवर उतरून दुकान सापडलं पाहिजे. बदलापुरात आणि अंबरनाथच्या नव्या वसाहतींत राहायला आलेली माणसं तर अशाच गप्पांतून दुकानं शोधतात, कारण त्यांच्या आई-वडिलांचं ठरलेलं दुकान इथे नाहीच.

ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. विमको कंपनी १९२३ सालची. तिचा एक मार्का होता 'शिप', म्हणजे जहाज. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं तोही दुकानात येऊन 'जहाजवाली काडेपेटी' मागू शकत होता. 'छाप' या शब्दाचा बाजारातला अर्थच हा आहे: न वाचता ओळखता येणारी आणि तोंडाने मागता येणारी खूण. ती दर दोन वर्षांनी बदलली असती, तर मागणार काय?

आता नावाचं काम. एक दुकान धरू. दुकान काल्पनिक आहे, पण त्याची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांची आहे. अंबरनाथ पूर्वेला फरसाणचं दुकान. पाटीवर 'श्री गणेश फरसाण मार्ट'. बिलावर 'गणेश ट्रेडर्स', कारण जीएसटीच्या दाखल्यावर व्यापारी नाव तेच दिलेलं. पिशवीवर 'न्यू गणेश', कारण मोठ्या भावाने वाटणीनंतर तशा छापून घेतल्या. क्यूआर कोड स्कॅन केला की फोनवर मालकाच्या मुलाचं नाव येतं, कारण खातं त्याचं. आणि गूगल मॅपवर कुणा गिऱ्हाइकानेच टाकलेलं नाव आहे, `Shri Ganesh Sweets`.

आता पैसे देणारा माणूस थबकतो. "हे तुमचंच ना?" असं विचारतो. हा प्रश्न दिवसातून चार वेळा येत असेल तर समजा, की नाव फुटलेलं आहे. गाडीतल्या बाईने `Shree Ganesh Farsan` शोधलं, तर तिला दोन गावांतली चार दुकानं दिसतील, आणि तुमचं त्यात असेलच असं नाही.

यावर उपाय म्हणजे टेबलावर एका संध्याकाळचं काम आहे. पाटीचा फोटो, बिल, पिशवी, पाकिटाचं लेबल, क्यूआरचा स्टँड, मॅपवरचं पान आणि जीएसटीचा दाखला शेजारी शेजारी मांडा. मग एकच नाव निवडा. निवडताना आपल्याला काय आवडतं ते विचारू नका, गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका. लोक 'गणेश फरसाण' म्हणत असतील तर 'मार्ट' सोडून द्या. देवनागरीत कसं लिहायचं आणि इंग्रजीत कुठली स्पेलिंग, हे एका कागदावर लिहून गल्ल्यापाशी चिकटवा. यापुढे छापणाऱ्याने ते फोनवर विचारायचं नाही, त्या कागदाचा फोटो घ्यायचा. क्यूआर दुकानाच्या नावाच्या चालू खात्याचा घ्या. जीएसटीच्या दाखल्यावरचं व्यापारी नावही दुरुस्त करता येतं. ते तुमच्या कर सल्लागाराकडून करून घ्या.

इथे एक कायद्याची बाब आहे, ती नीट ऐका. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, एखादं नाव तुम्ही आधीपासून आणि सलग वापरत असाल, तर नंतर आलेला माणूस ते नोंदवूनसुद्धा तुमचा वापर थांबवू शकत नाही. पण 'आधीपासून' आणि 'सलग' हे सिद्ध कोण करणार? तुम्ही. कशाने? जुन्या बिलांनी, लेबलांनी, दिवाळीच्या जाहिरातींनी. आमच्या काल्पनिक दुकानदाराकडे वीस वर्षांची बिलं आहेत, पण ती 'गणेश ट्रेडर्स'ची. पाटीवरच्या नावाचा पुरावा तीन वर्षांचाच. म्हणजे वीस वर्षं धंदा करून नावाच्या बाबतीत तो तीन वर्षांचा ठरू शकतो. जुनी बिलं रद्दीत देऊ नका, दर वर्षातली दहा-बारा तरी फाईलला लावून ठेवा.

नोंदणी करायची असेल तर एकट्या मालकाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाईन अर्जासाठी एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षांची असते. फरसाण वर्ग ३० मध्ये येतं, दुकानदारीची सेवा ३५ मध्ये. पण मर्यादाही समजून घ्या: नुसता 'फरसाण' हा शब्द कुणाच्याच मालकीचा होत नाही, आणि 'गणेश' तर गल्लोगल्ली आहे. असं नाव नोंदवलं तरी त्याचं कुंपण बुटकंच राहतं. म्हणूनच मग रंगाची मदत लागते.

रंगाचं एक उदाहरण न्यायालयातलंच आहे. कोलगेट विरुद्ध अँकर. दंतमंजनाच्या डब्यावर एक भाग लाल आणि दोन भाग पांढरा, अशी मांडणी होती. नावं अगदी वेगळी. तरीही २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अँकरला त्या मांडणीपासून रोखलं, कारण घाईत खरेदी करणारं गिऱ्हाईक आधी रंग बघतं. पण हे संरक्षण मिळतं ते रंग वर्षानुवर्षं तोच ठेवल्याने. आज केशरी, पुढच्या दिवाळीला जांभळा, असं केलं तर दाखवायला काही उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचा रंग तर एकच आहे, लाल. जरा पाटी, पिशवी आणि खोका एकत्र ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. फ्लेक्सवरचा लाल वर्षभराच्या उन्हाने गुलाबी झालेला असतो, प्लास्टिकचा लाल नारिंगीकडे झुकतो आणि पुठ्ठ्यावरचा लाल विटकरी दिसतो. कारण प्रत्येकाची शाई आणि खालचा कागद वेगळा. त्यात व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून 'असाच लाल हवा' म्हटलं, की प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा लाल. म्हणून रंग नावाने सांगायचा नाही, आकड्याने सांगायचा. स्क्रीनसाठी `#B3161B` असा एक कोड, छपाईसाठी त्याचे शाईचे आकडे आणि भिंतीसाठी रंगाच्या कंपनीच्या शेडकार्डचा नंबर. आणि मान्य केलेल्या छपाईचा एक तुकडा उन्हापासून दूर, पाकिटात ठेवायचा. पुढची पिशवी आली की त्या तुकड्याशी लावून बघायची, मगच हजाराची ऑर्डर द्यायची.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्द. 'उत्तम दर्जा, विनम्र सेवा' हा शब्द नव्हे, कारण तो मोडला की नाही हे कुणालाच कळत नाही. शब्द असा हवा की गिऱ्हाइकाला तपासता येईल. आपल्या फरसाणवाल्याने समजा असं ठरवलं: 'पाकीट मऊ निघालं तर बदलून देऊ, न विचारता.'

आता हिशेब करू. धरा, महिन्याला ४०० पाकिटं जातात, प्रत्येकी १०० रुपयांची. पावसाळ्यात त्यातली आठ परत आली. म्हणजे ८०० रुपये महिना, आणि तेही विक्रीच्या भावाने. पावसाचे चार महिने धरले तर ३,२०० रुपये. चांगल्या दिव्याच्या पाटीला याच्या कितीतरी पट लागतात. शिवाय ती आठ पाकिटं काहीतरी सांगतात. त्यातली सहा एकाच बाजूने उघडी असतील, तर सीलिंग मशिनची पट्टी नीट तापत नाही. पाकिटं परत आली नसती तर हे कळलंच नसतं, फक्त गिऱ्हाईक यायचं थांबलं असतं.

शब्द मोडतो कुठे? मालक गल्ल्यावर असताना मोडत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दीत, काउंटरवरच्या नव्या मुलापाशी मोडतो. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा: अमुक रकमेपर्यंत मला विचारायचं नाही, बदलून द्यायचं. मग एखाद्या शनिवारी ओळखीतल्या कुणाला तरी मऊ पाकीट घेऊन पाठवा. तुमचा शब्द खरा की भिंतीवरचा, ते पाच मिनिटांत कळेल.

आणि एक सूचना. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही जी ओळ बिलावर छापलेली असते, ती सदोष मालाला लावता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. एका हाताने शब्द द्यायचा आणि बिलावर त्याच्या उलट छापायचं, हे तर नावाच्या घोळापेक्षा वाईट.

शेवटी एका व्यापारी मित्राने आम्हाला विचारलं, "मग पाटी कधीच बदलायची नाही का?" जरूर बदला. रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नसेल, फाटली असेल, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असतील, तर बदललीच पाहिजे. फक्त पाटीवाल्याकडे जाताना तो गल्ल्याजवळचा कागद आणि पाकिटातला रंगाचा तुकडा बरोबर न्या. मग त्याला ठरवायला फक्त खिळे कुठे मारायचे एवढंच उरेल.